तोंडी परीक्षा विषयाची की इंग्रजीची?

इलेक्ट्रिकलच्या दुसऱ्या वर्षाची ओरल डोळ्यांसमोर आणा. टेबलापलीकडे एक्सटर्नल आणि इंटर्नल, अलीकडे एकाच वेळी बसवलेली चार मुलं, प्रत्येकासमोर सह्या झालेली फाइल. प्रश्न नेहमीचाच असतो: ट्रान्सफॉर्मरचा कोअर लॅमिनेटेड का असतो? पहिला मुलगा लगेच म्हणतो, ‘टू रिड्यूस एडी करंट लॉस, सर.’ एक्सटर्नल मान डोलावतात. शेजारच्या मुलीला पुढचा प्रश्न येतो: पत्रे वेगळे केल्यामुळे लॉस कमी कसा होतो? ती ‘सर, ड्यू टू...’ एवढं म्हणते आणि अडखळते. कोणीतरी गालात हसतं. दोन सेकंदांत प्रश्न तिसऱ्याकडे सरकतो. मार्कांच्या तक्त्यावर पहिल्यासमोर २५ पैकी २० आणि तिच्यासमोर १२ पडतात.

हीच मुलगी आदल्या रात्री होस्टेलवर मैत्रिणीला हाच मुद्दा असा समजावत असते: ‘कोअर सॉलिड ठेवला तर तो पण एक कंडक्टरच झाला ना. फ्लक्स बदलला की त्याच्यात पण व्होल्टेज तयार होतं आणि करंट आतल्या आत गोल फिरतो. त्यानेच कोअर तापतो. पातळ पत्र्यांना इन्शुलेशन देऊन ते एकावर एक रचले की करंटला फिरायला मोठी वाटच मिळत नाही, एकेका पत्र्याच्या जाडीतच फिरावं लागतं.’ हे उत्तर पूर्ण आहे. ५० हर्ट्झवर चालणाऱ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये साधारण अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून पातळ पत्रे का वापरतात, पत्र्याची जाडी निम्मी केली की हा लॉस जवळपास चौथाईवर का येतो, हे पुढचं सगळं या समजुतीतून काढता येतं. पहिल्या मुलाच्या एका ओळीतून यातलं काहीच निघत नाही. त्याला ते कदाचित माहीत असेलही, पण परीक्षकाने ते तपासलेलंच नाही.

आठ मार्कांचा हा फरक ट्रान्सफॉर्मरच्या ज्ञानाचा नाही. एकाने इंग्रजीत तोंड उघडलं आणि दुसरीला उघडता आलं नाही, त्याचा तो फरक आहे. या प्रकाराकडे आपण विद्यार्थ्याचा कमकुवतपणा म्हणून पाहतो. ‘आत्मविश्वास वाढव’, ‘इंग्रजी पेपर वाचत जा’, ‘आरशासमोर बोल’ असे सल्ले देऊन मोकळे होतो. माझं म्हणणं असं की ही भीती बऱ्याच अंशी आपण तोंडी परीक्षा ज्या रीतीने घेतो त्यातून तयार होते, आणि ती रीत बदलणं कॉलेजच्या व विद्यापीठाच्या हातात आहे. विषयाचे मार्क भाषेपासून वेगळे करायला हवेत. आणि इंग्रजी बोलण्याचा सराव जिथे मार्क कापले जात नाहीत अशा जागी, म्हणजे विषयाच्या प्रॅक्टिकलमध्येच, व्हायला हवा. या दोन्ही गोष्टी एकत्र कराव्या लागतील. नुसती पहिली केली तर मुलं नोकरीच्या मुलाखतीत अडकतील, आणि नुसती दुसरी केली तर निकालाच्या दिवशी पुन्हा तोच अन्याय होईल.

परकी भाषा बोलताना वाटणारी भीती ही एरवीच्या लाजाळूपणाहून वेगळी गोष्ट आहे, हे संशोधनात बऱ्याच वर्षांपूर्वी मांडलं गेलं आहे. इलेन हॉर्विट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये ती मोजण्यासाठी ३३ विधानांची एक प्रश्नावली तयार केली, आणि ती आजही वापरली जाते. त्यांनी या भीतीत तीन धागे पाहिले: चारचौघांत बोलण्याची धास्ती, परीक्षेची धास्ती, आणि लोक आपल्याला कमी लेखतील ही धास्ती. तोंडी परीक्षेत हे तिन्ही एकाच पाच मिनिटांत, एकाच टेबलावर येतात. म्हणून मित्रांच्या घोळक्यात मोकळेपणाने बोलणारा, वर्गात प्रश्न विचारणारा, लेखी पेपरात चांगले मार्क मिळवणारा विद्यार्थीही इथे गप्प होतो. त्याला ‘मुळातच बुजरा’ ठरवणं चुकीचं आहे.

त्या क्षणी नेमकं काय बिघडतं ते नीट पाहायला हवं, कारण उपाय त्यावरच अवलंबून आहे. बोलताना आपण आधी काय सांगायचं ते ठरवतो, मग त्याला शब्द आणि वाक्यरचना देतो, मग उच्चारतो, आणि हे चालू असताना स्वतःचं बोलणं ऐकून तपासतही असतो. मातृभाषेत मधल्या दोन पायऱ्या आपोआप होतात, त्यामुळे सगळं लक्ष आशयाकडे राहतं. दुसऱ्या भाषेत प्रत्येक शब्द शोधावा लागतो, प्रत्येक क्रियापदाचं रूप ठरवावं लागतं. त्यात ‘मी चुकतोय का, हे हसतायत का’ हा विचार सुरू झाला की तोही त्याच तोकड्या लक्षात वाटा मागतो. मग ट्रान्सफॉर्मरसाठी काही उरत नाही. पाठ असलेली व्याख्याही आठवत नाही आणि बाहेर आल्यावर दाराबाहेरच सगळं आठवतं, ते याचमुळे.

मराठी विद्यार्थ्याच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. ‘फ्लक्स बदलल्यामुळे कोअरमध्ये व्होल्टेज...’ इथपर्यंत बोलून, विचार करत करत, ‘तयार होतं’ असं शेवटी जोडता येतं. इंग्रजीत कर्त्यामागोमाग क्रियापद द्यावं लागतं, म्हणजे तोंड उघडण्यापूर्वीच ते ठरलेलं असावं लागतं. मनात मराठी वाक्य करून ते उलटवणारा विद्यार्थी म्हणूनच सुरुवातीलाच अडतो. ‘ड्यू टू’ किंवा ‘बिकॉज ऑफ’ म्हणून तो कारणापासून सुरुवात करतो, कारण मराठीत कारण आधी येतं, आणि मग मुख्य वाक्य कुठून धरायचं ते त्याला सुचत नाही. वर त्या मुलीचं नेमकं हेच झालं. तिला ‘चेंजिंग फ्लक्स इंड्यूसेस व्होल्टेज इन द कोअर’ अशा छोट्या वाक्याने सुरुवात करायची सवय असती, तर पुढची दोन वाक्यं आपोआप जोडता आली असती. कर्ता आणि लगेच क्रियापद, एका वाक्यात एकच गोष्ट, आणि ‘बिकॉज’ लागलाच तर दुसऱ्या वाक्यात. एवढी एक सवय व्याकरणाच्या जाड पुस्तकापेक्षा जास्त उपयोगी पडते.

या अडचणीवर मुलांनी स्वतःचा तोडगा काढलेला असतो: पाठांतर. सीनियरकडून आलेली ‘व्हायवा क्वेश्चन्स’ची पीडीएफ, त्यात शंभर-दीडशे प्रश्न आणि प्रत्येकाचं एका ओळीचं उत्तर. घाबरलेल्या माणसासाठी हा शहाणपणाचाच मार्ग आहे, कारण पाठ वाक्य उच्चारताना शब्द शोधावे लागत नाहीत. पण पाठ केलेलं वाक्य पुढच्या ‘का’ला टिकत नाही. शिवाय पाठ वाक्यातला एक शब्द निसटला की पूर्ण वाक्यच निसटतं, कारण ते अर्थाने नाही तर ओळीने लक्षात असतं. आणि परीक्षकालाही या एका ओळीची सवय होते. दिवसाला पन्नास-साठ मुलं तपासायची असली की योग्य शब्द कानावर पडला की पुढे जावंसं वाटतं. अशा रीतीने ही परीक्षा विषयही मोजत नाही आणि इंग्रजीही मोजत नाही. पाठ केलेली ओळ न घाबरता म्हणता येते का, एवढंच मोजते. यात नुकसान फक्त मराठी माध्यमाच्या मुलांचं होत नाही. पहिल्या मुलालाही आपल्याला काय कळलेलं नाही ते कधी समजत नाही.

इथे कोणी म्हणेल की आता तर सगळेच इंग्रजी शिकून येतात. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, सेमी-इंग्रजीचे वर्गही गावोगावी आहेत. खरं आहे, पण त्या बारा वर्षांत मूल इंग्रजीत बोललं किती वेळ? धडा वाचायचा, शिक्षकांनी मराठीत अर्थ सांगायचा, प्रश्नोत्तरं फळ्यावरून उतरवायची. विज्ञान इंग्रजी पुस्तकातून शिकलेल्या सेमीच्या विद्यार्थ्यालाही ‘फोर्स’, ‘मास’, ‘व्हेलॉसिटी’ हे शब्द येतात, पण ते जोडणारी वाक्यं त्याने कायम मराठीतच बोललेली असतात. हा विद्यार्थी इंग्रजी वाचू शकतो, बरंचसं लिहूही शकतो. बोलण्याचा सराव मात्र जवळपास शून्य असतो. पहिल्या वर्षाला ‘कम्युनिकेशन स्किल्स’ असतं, पण त्यातही संवादाचे प्रकार आणि अडथळे यांवर टिपा लिहिण्यातच वेळ जातो.

आता परीक्षकाच्या बाजूने काय करता येईल ते पाहू. पहिली गोष्ट थांबण्याची. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांतल्या ध्वनिमुद्रणांवरून दाखवलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंद किंवा त्याच्याच आसपास थांबतात, आणि हा वेळ तीन सेकंदांपर्यंत नेला तर उत्तरं लांब व जास्त विचारपूर्वक येतात. तिथे बरीच मुलं स्वतःच्याच भाषेत उत्तर देत होती. दुसऱ्या भाषेत उत्तर देणाऱ्याला याहून जास्त वेळ हवा हे उघड आहे. प्रश्न विचारल्यावर मनात सावकाश पाचपर्यंत मोजावं. त्या वेळात विद्यार्थ्याच्या चेहऱ्याकडे रोखून पाहण्यापेक्षा फाइल चाळावी. शांततेचा ताण निम्मा कमी होतो.

दुसरी गोष्ट, गप्प बसलेला विद्यार्थी भाषेपायी गप्प आहे की विषय येत नाही म्हणून, हे ओळखायची रीत. अंदाजावर सोडण्याची गरज नाही, एक-दोन मिनिटांत कळतं. आधी कोरा कागद पुढे करून ‘आकृती काढून दाखव’ म्हणावं. एडी करंटच्या प्रश्नात सॉलिड कोअरचा छेद आणि पत्र्यांचा छेद शेजारी शेजारी काढून त्यात करंटच्या वाटा दाखवता आल्या, तर विषय समजला आहे. तरीही शंका राहिली तर निवडीचा प्रश्न विचारावा, ज्याचं उत्तर एका शब्दात देता येतं पण पाठ केलेलं नसतं: पत्रे जाड केले तर कोअर जास्त तापेल की कमी? सप्लायची फ्रिक्वेन्सी वाढवली तर? पत्र्यांमधलं इन्शुलेशन एका जागी खराब झालं तर? आणि शेवटी सरळ म्हणावं, ‘मराठीत सांग.’ आकृती चुकली, निवड चुकली आणि मराठीतही काही सांगता आलं नाही, तर विषयच कच्चा आहे आणि कमी मार्क योग्य आहेत. यातली एखादी गोष्टही नीट जमली तर अडसर भाषेचा आहे.

तिसरी गोष्ट, चुका सुधारण्याची. विद्यार्थी ‘करंट आर फ्लोइंग’ म्हणाला तर मध्येच ‘इज फ्लोइंग’ असं म्हणणारे परीक्षक असतात. हेतू वाईट नसतो. पण त्या क्षणी विद्यार्थ्याचा विचार तुटतो, आणि ऐकलेली दुरुस्ती तो उचलतही नाही, कारण त्याचं लक्ष उत्तरात अडकलेलं असतं. तोंडी परीक्षेत फक्त संज्ञेची चूक सुधारावी, म्हणजे व्होल्टेजच्या जागी करंट म्हटलं तर. ती विषयाची चूक आहे. ‘इज’ आणि ‘आर’ सोडून द्यावं.

चौथी गोष्ट बसण्याच्या व्यवस्थेची, आणि मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते. चार-पाच मुलांना एकत्र बसवायचं कारण वेळ वाचवणं हे असतं. पण यामुळे प्रत्येक उत्तराला तीन-चार बरोबरीचे प्रेक्षक मिळतात, आणि विद्यार्थ्याला परीक्षकापेक्षा त्यांचीच जास्त भीती असते. परीक्षक संध्याकाळी निघून जातात, हसणारी मुलं पुढची दोन-तीन वर्षं सोबत असतात. एकेक विद्यार्थी घेतला तर वेळ जास्त लागेल असं वाटतं, पण चिठ्ठीची पद्धत ठेवली तर तसं होत नाही. पुढचा विद्यार्थी बाजूच्या बाकावर बसतो, प्रश्नांच्या गठ्ठ्यातून एक चिठ्ठी उचलतो आणि आधीच्याची तोंडी चालू असताना पाच मिनिटं कागदावर आकृती व चार शब्द मांडतो. मग तो तो कागद घेऊन परीक्षकासमोर येतो. वीस मुलांच्या बॅचला प्रत्येकी पाच मिनिटं धरली तर शंभर मिनिटं लागतात. तयारीचा वेळ दुसऱ्याच्या वेळात मावतो. सुरुवातीचं बोलणं कागदाकडे बोट दाखवून होतं, त्यामुळे पहिलं वाक्य सुचण्याचा प्रश्नच मिटतो. चिठ्ठीवरच्या प्रश्नानंतर परीक्षक हवे ते उपप्रश्न विचारायला मोकळे असतात, त्यामुळे परीक्षा सोपीही होत नाही.

आता मार्कांचा मुद्दा. २५ मार्कांची ओरल असेल तर २० विषयाला आणि ५ इंग्रजीत मांडण्याला, अशा दोन वेगळ्या रकान्यांत मार्क द्यावेत. विषयाच्या वीसांसाठी विद्यार्थ्याने मराठीत, इंग्रजीत किंवा दोन्ही मिसळून बोलावं. मात्र संज्ञा इंग्रजीच असाव्यात, कारण पुस्तकात, डेटाशीटवर आणि यंत्राच्या नेमप्लेटवर त्याच असतात. शेवटी एक मुद्दा दोन-तीन इंग्रजी वाक्यांत मांडायचा, त्याचे पाच. ते पाच समोरच्याला कळलं का याचे असावेत, उच्चाराच्या सफाईचे नकोत. दोन रकाने असले की परीक्षकाला स्वतःलाच विचारावं लागतं की हा मार्क मी कशाचा कापतोय. एकच आकडा असला की तो प्रश्न उद्भवत नाही.

हे नियमांत बसतं का? एप्रिल २०२३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांना कळवलं होतं की अभ्यासक्रम इंग्रजी माध्यमाचा असला तरी विद्यार्थ्यांना परीक्षेत स्थानिक भाषेत उत्तरं लिहू द्यावीत. त्याआधी २०२१ मध्ये तंत्रशिक्षण परिषदेने अभियांत्रिकीची पदवी मराठीसह काही भारतीय भाषांतून शिकवायची वाट खुली केली. लेखी उत्तराबाबत एवढी मोकळीक मान्य असेल, तर तोंडी उत्तरात मराठी चालणार नाही असा आग्रह धरण्याचं कारण मला दिसत नाही. उलट तोंडी परीक्षेत ती देणं सोपं आहे. उत्तरपत्रिका तपासायला मराठी तांत्रिक परिभाषा जाणणारा परीक्षक लागतो. तोंडीत समोरासमोर बसून ‘म्हणजे काय?’ असं लगेच विचारता येतं.

यावर एक आक्षेप गंभीर आहे. कंपन्या मुलाखत इंग्रजीत घेतात, पुढची कामाची बैठक आणि ईमेल इंग्रजीत असतात. कॉलेजात मराठीची सवय लावून आपण मुलांचं नुकसानच करणार नाही का? हा आक्षेप मांडणाऱ्यांची काळजी खरी आहे. पण आजची पद्धतही मुलांना इंग्रजी शिकवत नाही. वर्षातून दोनदा, प्रत्येकी पाच मिनिटं, भीतीच्या वातावरणात, मार्क कापून कोणाची भाषा सुधारत नाही. चार वर्षांनी हा विद्यार्थी तशाच अवस्थेत ग्रुप डिस्कशनला बसतो आणि तिथेही तोंड उघडत नाही. इंग्रजी बोलायला यावं असं खरंच वाटत असेल तर बोलायला वेळ द्यावा लागेल, आणि तो वेळ टाइमटेबलात उपलब्ध आहे.

दुसरा आक्षेप परीक्षकांचा: एक्सटर्नल मराठी नसले तर? बॅचमध्ये परप्रांतातली मुलं असली तर? सोबतचे इंटर्नल बहुतेक ठिकाणी मराठी जाणणारे असतात आणि दोन परीक्षक ठेवण्याचा हा एक उपयोगच आहे. हिंदी किंवा इतर भाषा बोलणाऱ्या मुलालाही परीक्षकांपैकी एकाला कळते त्या भाषेत बोलू द्यावं. जिथे दोघांनाही कळत नाही तिथे आकृती आणि निवडीचे प्रश्न आहेतच.

मात्र ‘मराठीत सांग’ एवढ्याने भीती जाते असं समजू नये. लातूर, नंदुरबार किंवा गडचिरोलीहून पुण्या-मुंबईत आलेल्या मुलाच्या मराठीलाही लोक हसतात. त्याने ‘पानी’ म्हटलं, ‘मला’च्या जागी ‘मले’ आलं, की वर्गात नक्कल सुरू होते. भिली, गोंडी किंवा कोरकू घरी बोलणाऱ्या विद्यार्थ्यासाठी मराठी हीच दुसरी भाषा असते आणि इंग्रजी तिसरी. परीक्षकाने प्रमाण मराठीची अपेक्षा ठेवली तर एका भाषेची भीती काढून दुसरीची घातली, एवढंच होईल. विषयाच्या वीस मार्कांत बोलीला जागा असायला हवी, आणि नक्कल करणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवणं हे शिक्षकाचं काम आहे. ते न केल्यास वर्ग त्याचा अर्थ संमती असाच घेतो.

आता इंग्रजी बोलण्याच्या सरावाचा तो वेळ कसा वापरायचा ते पाहू. बोलण्याचा ओघ वाढवण्यासाठी ‘चार-तीन-दोन’ नावाची एक जुनी आणि भरपूर वापरलेली रीत आहे. पॉल नेशन या भाषा-अध्यापन तज्ज्ञाने १९८० च्या दशकात तिच्याबद्दल लिहिलं. विद्यार्थी एकच गोष्ट तीन वेगवेगळ्या श्रोत्यांना सांगतो. पहिल्याला चार मिनिटांत, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला दोन. आशय तोच असतो, त्यामुळे काय सांगायचं याचा भार दुसऱ्या फेरीपासून जवळजवळ संपतो आणि सगळं लक्ष शब्दांकडे वळतं. श्रोता नवा असतो, त्यामुळे सांगण्यात अर्थ राहतो. वेळ कमी होत जातो, त्यामुळे घोटाळणं, ‘म्हणजे... ॲक्च्युअली...’ आणि मनातल्या मनात भाषांतर करणं गळून पडत जातं.

प्रॅक्टिकलमध्ये हे असं बसवता येईल. दोन तासांच्या प्रॅक्टिकलची शेवटची वीस-पंचवीस मिनिटं राखून ठेवायची. वीस मुलं दहा-दहांच्या दोन रांगांत समोरासमोर उभी राहतात. आज केलेल्या प्रयोगाचं काय केलं, काय रीडिंग आलं आणि का, हे पहिली रांग सांगते. चार मिनिटांनी ऐकणारी रांग एक जागा सरकते, मग तीन मिनिटं, पुन्हा सरकायचं, मग दोन. नंतर बोलणारे ऐकतात आणि ऐकणारे बोलतात. दोन्ही मिळून अठरा मिनिटं होतात, अदलाबदलीसह वीस-बावीस. सत्रात दहा प्रयोग झाले तर प्रत्येकजण नव्वद मिनिटं इंग्रजीत बोललेला असतो, आणि तेही एका वेळी एकाच माणसासमोर. दहा जण एकदम बोलत असल्याने खोलीत गलका असतो. कोणाची चूक तिसऱ्याला ऐकू येत नाही. बुजऱ्या मुलांसाठी हा गलका फार मोलाचा असतो.

यात चुकतं काय तेही सांगायला हवं. मुलं लिहून आणून वाचायला लागतात. म्हणून कागदावर फक्त आकृती आणि रीडिंग्ज ठेवायची परवानगी द्यावी. पहिल्या एक-दोन आठवड्यांत चार मिनिटं फार वाटतात आणि दीड मिनिटातच मुलं थांबतात. तेव्हा तीन-दोन-एकने सुरुवात करावी. शिक्षक मध्ये फिरून दुरुस्त्या करतात. ते टाळावं, ऐकू आलेल्या दोन-तीन सार्वत्रिक चुका टिपून शेवटी नाव न घेता फळ्यावर लिहाव्यात. आणि याला मार्क देण्याचा मोह होतो. तो मुळीच नको, मार्क आले की पाठांतर परत येतं. ही रीत उपयोगी पडते आहे का हे ओळखायची खूण म्हणजे तिसऱ्या फेरीत, निम्म्या वेळात, मूळ मुद्दे जवळजवळ सगळे येतात. येत नसतील आणि नुसता वेग वाढला असेल तर प्रयोग समजलेला नाही.

उच्चाराबद्दल थोडं. मरे मनरो आणि ट्रेसी डर्विंग यांनी १९९५ मध्ये दाखवलं की बोलण्यात परका हेल जाणवणं आणि बोलणं न कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हेल ठळक असलेलं बोलणंही ऐकणाऱ्याला पूर्ण कळू शकतं. मराठी माणसाचा ‘व्ह’ आणि ‘डब्ल्यू’ एकसारखा येतो, ‘थ’ दंत्य येतो, याने सहसा कोणाचा गैरसमज होत नाही. त्यावर मेहनत घालवू नये. परप्रांतातल्या किंवा परदेशातल्या श्रोत्याला अडचण येते ती दोन ठिकाणी. एक म्हणजे शब्दातला आघात. मराठीत आघाताने अर्थ बदलत नाही, म्हणून आपण सगळी अक्षरं सारख्याच जोराने म्हणतो किंवा पहिल्यावर भर देतो. ‘कंपोनंट’मध्ये जोर ‘पो’वर हवा, ‘इक्विपमेंट’मध्ये ‘क्विप’वर, ‘डेव्हलप’मध्ये ‘व्हे’वर. ‘डिटर्मिन’चं ‘डिटरमाईन’ केलं की ऐकणारा क्षणभर गोंधळतो. दुसरं म्हणजे स्वराची लांबी: ‘फिट’ आणि ‘फीट’, ‘बिट’ आणि ‘बीट’. प्रत्येक विषयात अशा वारंवार येणाऱ्या संज्ञा पंधरा-वीसच असतात. कुठल्याही चांगल्या ऑनलाइन शब्दकोशात त्यांचा उच्चार ऐकता येतो. विभागाने प्रत्येक लॅब मॅन्युअलच्या पहिल्या पानावर त्या संज्ञा जोराचं अक्षर ठळक छापून द्याव्यात. मुलांना ‘ॲक्सेंट सुधार’ सांगण्यापेक्षा हे एक पान जास्त उपयोगाचं आहे.

हेलावरून लोक माणसाला जोखतात हेही खोटं नाही. मुलाखतीत गावाकडचा हेल ऐकून मत बनवणारे असतात, आणि ते विद्यार्थ्याच्या उच्चारसरावाने बदलणार नाहीत. ती मुलाखत घेणाऱ्यांची जबाबदारी आहे. निदान कॉलेजने तरी त्या पूर्वग्रहाला आपल्या मार्कांच्या तक्त्यात जागा देऊ नये.

या उपायांना मर्यादाही आहे. काही मुलं मराठीतही, ओळखीच्या माणसांतही बोलू शकत नाहीत. छातीत धडधड, हात थरथरणं, परीक्षेच्या आदल्या दिवशी उलट्या होणं, ओरलला गैरहजर राहणं असं वारंवार होतं. हा भाषेचा प्रश्न नाही. अशा विद्यार्थ्याला रांगेत उभं करून बोलायला लावणं चुकीचं आहे. त्याला समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावं. ओरल त्याला एकट्याला, लेखी उत्तराची मुभा देऊन, देता यावी.

सुरुवात कुठून करावी? विद्यापीठाच्या ओरलची मार्कपद्धत बदलायला अभ्यास मंडळाचा निर्णय लागतो. पण टर्मवर्कच्या वेळी घेतली जाणारी अंतर्गत तोंडी, चिठ्ठीची पद्धत, एकेकाला बोलावणं, प्रॅक्टिकलची शेवटची वीस मिनिटं आणि मॅन्युअलचं पहिलं पान, यांसाठी विभागप्रमुखांची सही पुरते. आणि एका सत्रानंतर दोन रकान्यांतले मार्क शेजारी शेजारी ठेवून पाहिले, की विषयात १६-१७ आणि भाषेत १-२ असलेली मुलं कोण आहेत ते कळेल. आज एकाच आकड्यामागे ती ‘साधारण विद्यार्थी’ म्हणून दडलेली असतात. त्या यादीतल्या मुलांना पुढच्या सत्रात काय द्यायचं, यावर अभ्यास मंडळात चर्चा व्हायला हवी.